बॉक ओळखायचा कसा? आधी पिचरच्या पायांकडे बघा

बेसबॉलचा सामना पहिल्यांदा बघणाऱ्याला एक प्रसंग हमखास कोड्यात टाकतो. चेंडू टाकणारा पिचर उभा आहे, पहिल्या बेसवर समोरच्या संघाचा रनर म्हणजे धावणारा खेळाडू आहे, चेंडू कुठे गेलेलाही नाही आणि अचानक अंपायर पिचरकडे बोट दाखवून ओरडतो. रनर निवांत चालत दुसऱ्या बेसवर जातो. कुणी फटका मारलेला नाही, कुणी धावलेलंही नाही, तरी एक बेस फुकट मिळाला. हा बॉक, म्हणजे रनर बेसवर असताना पिचरने केलेली नियमाबाहेरची हालचाल.

नियमपुस्तकात बॉकचे तेरा प्रकार दिलेले आहेत. नवख्या माणसाने ती यादी पाठ करायला घेतली की त्याचा गोंधळ आणखी वाढतो. मीही सुरुवातीला तेच केलं होतं आणि पिचरच्या हातांकडे टक लावून बसायचो. हातांवरून थोडंसंच कळतं. बहुतेक बॉक पायांवरून कळतात, म्हणून हा लेख पायांपासून सुरू होतो आणि शक्य तितका पायांपाशीच राहतो. उदाहरणासाठी आपण एकच चित्र डोळ्यासमोर ठेवू: उजव्या हाताने फेकणारा पिचर आणि पहिल्या बेसवर एक रनर.

आधी हा नियम कशासाठी आहे ते बघू

पहिल्या बेसवरचा रनर बेसला चिकटून उभा राहत नाही. तो दुसऱ्या बेसच्या दिशेने काही पावलं पुढे सरकून उभा राहतो. याला लीड घेणं म्हणतात. पिचरने बॅटरकडे चेंडू टाकायला सुरुवात केली की रनर दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटक्याविनाच गाठायला पळत सुटतो. दोन बेसमधलं अंतर ९० फूट आहे. पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू बॅटरमागच्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये पडेपर्यंत साधारण सव्वा ते दीड सेकंद जातो आणि कॅचरचा चेंडू दुसऱ्या बेसवर पोचायला आणखी सुमारे दोन सेकंद. म्हणजे रनरच्या हाती साडेतीन सेकंदांच्या आतबाहेरचा वेळ असतो. त्यातला अर्धा सेकंद जरी फसवणुकीत गेला तरी चोरी फसते.

पिचरलाही रनरला रोखण्याचा हक्क आहे. तो पहिल्या बेसवर चेंडू फेकून, रनर परत येण्याआधी त्याला बाद करू शकतो. याला पिकऑफ म्हणतात. पण पिचरने बॅटरकडे टाकण्याची हालचाल सुरू केली, रनर पळाला आणि मग पिचरने वळून पहिल्या बेसवर फेकलं, तर रनरला कधीच संधी मिळणार नाही. बॉकचा नियम पिचरला एवढंच बजावतो: बॅटरकडे टाकणार असशील तर टाक, बेसवर फेकणार असशील तर फेक, पण एकाची सुरुवात करून दुसरं करू नकोस. १८४५ च्या निकरबॉकर नियमांतही पिचरने बॉक केल्यावर रनर एक बेस पुढे जाताना बाद होणार नाही, असं कलम होतं. इतका हा विचार जुना आहे.

बेसवर कुणी नसेल तर फसवायलाही कुणी नाही, म्हणून सगळे बेस रिकामे असताना बॉक होत नाही. बघायला बसलात की पहिला प्रश्न हाच: बेसवर कुणी आहे का? नसेल तर पुढचं सगळं विसरा.

पहिली पायरी: टेकूचा पाय रबरवर आहे का?

पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, पांढऱ्या रबराची एक पट्टी रोवलेली असते, २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद. सगळे तिला रबर म्हणतात. उजव्या हाताचा पिचर त्याचा उजवा पाय या रबराला टेकवून फेकतो. हा त्याचा टेकूचा पाय. डावा पाय मोकळा, तो पुढे टाकायचा.

टेकूचा पाय रबरला लागलेला असेल तर पिचरवर बॉकची सगळी बंधनं लागू होतात. त्याने तो पाय उचलून रबरच्या मागे ठेवला की त्या क्षणापासून तो साधा क्षेत्ररक्षक होतो. मग त्याने पहिल्या बेसकडे फेकण्याचा नुसता आव आणला, हात उगारून थांबला किंवा चेंडू हातातून पडला, तरी बॉक नाही. फक्त दोन गोष्टी त्याला तिथूनही करता येत नाहीत. रबरवर नसताना बॅटरकडे फेकण्याची हालचाल करता येत नाही. आणि चेंडू स्वतःकडे नसताना रबरवर किंवा रबरच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहता येत नाही. ही दुसरी बंदी एका जुन्या युक्तीसाठी आहे, ज्यात पहिल्या बेसवरचा खेळाडू चेंडू गुपचूप आपल्याकडे ठेवतो आणि रनर बेस सोडायची वाट बघतो.

रबर सोडताना आधी टेकूचाच पाय मागे काढावा लागतो. मोकळा पाय आधी हलवला तर ती फेकण्याची सुरुवात धरली जाते. नवे पिचर इथे फार फसतात. घाईत दोन्ही पाय एकदम उचलून मागे उडी मारतात आणि रनरला एक बेस देऊन टाकतात.

या पायाचा आणखी एक परिणाम होतो, पण तो प्रेक्षकांच्या नजरेतून सुटतो. पिकऑफचा चेंडू चुकून मैदानाबाहेर गेला, तर पिचर रबरवर होता की नव्हता यावर दंड ठरतो. रबरवरून फेकला असेल तर रनरला एक बेस मिळतो. आधी रबर सोडून फेकला असेल तर दोन बेस, कारण आता तो क्षेत्ररक्षकाचा चुकलेला फेक ठरतो.

दुसरी पायरी: हात एकत्र आल्यावर तो थांबला का?

रनर असताना बहुतेक पिचर सेट पोझिशनमधून टाकतात. क्रम असा: टेकूचा पाय रबरला लावून तो कॅचरची खूण बघतो. या वेळी चेंडूचा हात आणि ग्लव्हचा हात वेगळे असतात. मग दोन्ही हात अंगासमोर एकत्र आणतो आणि पूर्ण थांबतो. त्यानंतरच बॅटरकडे टाकायचं.

हे थांबणं टाळून सरळ फेकत सुटणं हा वारंवार दिसणारा बॉक आहे. किती वेळ थांबायचं याचं सेकंदांत माप नियमात नाही. हालचाल खरोखर बंद झालेली अंपायरला दिसली पाहिजे. हात खाली येताना पोटाशी नुसते टेकून परत वर उसळले तर तो थांबा नव्हे.

या एका शब्दावरून १९८८ साली मेजर लीग या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेत मोठा गदारोळ झाला होता. थांबा 'स्पष्ट दिसेल असा' हवा, अशी दुरुस्ती त्या वर्षी नियमात करण्यात आली आणि अंपायरांनी ती काटेकोरपणे राबवली. त्या हंगामात ९०० हून अधिक बॉक पुकारले गेले, आधीच्या वर्षाच्या दुपटीहून जास्त. ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टने एकट्याने १६ बॉक केले आणि तो एका हंगामातला विक्रम ठरला. पुढच्या वर्षी ती दुरुस्ती मागे घेण्यात आली. मला यातून एवढंच पटतं की थांबा अंपायरच्या नजरेवर सोडलेला आहे आणि म्हणून एकाच पिचरचा तोच थांबा एका सामन्यात चालतो, दुसऱ्यात चालत नाही.

हात एकत्र आल्यावर ते परत सुटे करायची परवानगी तीनच वेळा असते: बॅटरकडे टाकताना, बेसवर फेकताना किंवा रबर सोडल्यावर. घाम पुसायला, टोपी सरळ करायला हात काढला तरी बॉक. मान वळवून रनरकडे बघायला मात्र पूर्ण मुभा आहे, कितीही वेळा. खांदा झटकन हलवला तर अंपायर बहुधा पुकारतोच, कारण खांद्याची हालचाल ही फेकण्याची सुरुवात वाटते. चेंडू हातातून निसटून खाली पडला, तर मुद्दाम पाडला की चुकून पडला हे कुणी विचारत नाही. रबरवर असताना आणि बेसवर रनर असताना पडला म्हणजे बॉक.

अपघातानेही बॉक होतो, याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण ११ जुलै १९६१ च्या ऑल-स्टार सामन्यातलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर वाऱ्याचा इतका जोर होता की नवव्या डावात स्टू मिलर सेट पोझिशनमध्ये उभा असताना एका झोताने त्याचा तोल हलला. अंपायरने बॉक दिला. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवरचे रनर एकेक बेस पुढे गेले. वारा असो की आणखी काही, पिचर हलला हे खरं, आणि नियमाला तेवढं पुरतं.

तिसरी पायरी: मोकळा पाय कुठे पडला?

खरा खेळ आहे तो इथे. रबरवर असताना बेसवर फेकायचं असेल तर आधी मोकळं पाऊल सरळ त्या बेसच्या दिशेने टाकावं लागतं, मग फेकायचं. पाऊल आणि चेंडू एकाच दिशेला गेले पाहिजेत.

आपला उजव्या हाताचा पिचर सेटमध्ये उभा असतो तेव्हा त्याचं तोंड तिसऱ्या बेसकडे असतं आणि पाठ पहिल्या बेसकडे. म्हणून पहिल्या बेसवर फेकण्यासाठी त्याच्याकडे दोनच सोपे मार्ग उरतात. एक, टेकूचा पाय मागे काढून रबर सोडायचं आणि वळून फेकायचं. दुसरा, जागच्या जागी उडी मारल्यासारखं गर्रकन वळायचं, ज्यात डावा पाय पहिल्या बेसच्या दिशेने पडतो. दुसरा मार्ग जलद आहे, पण तो रबरवरूनच केलेला फेक मानला जातो. त्यामुळे वळून झाल्यावर चेंडू फेकावाच लागतो. मन बदललं म्हणून हातातच ठेवला की बॉक.

या पिचरचा डावा गुडघा किंवा टाच हलली की समजा त्याने बॅटरकडे टाकायचं ठरवलंय. पहिल्या बेसकडे परत वळायची वाट बंद झाली. रनर याच क्षणाची वाट बघतात. सरावलेला रनर पिचरच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या पुढच्या टाचेकडे बघतो. तुम्हीही तिथेच बघा.

डावखुऱ्या पिचरचं चित्र उलटं आहे. त्याचं तोंड सरळ पहिल्या बेसकडे असतं. तो मोकळा उजवा पाय उचलतो आणि हवेत असतानाच ठरवू शकतो की पाय बॅटरकडे टाकायचा की पहिल्या बेसकडे. म्हणून पहिल्या बेसवरचे रनर डावखुऱ्याला बिचकून असतात. पण त्याच्यावरही मर्यादा आहेत. पाऊल पहिल्या बेसकडे गेलं पाहिजे, बॅटरकडे नाही. अंपायर याची पारख करायला रबरपासून बॅटरपाशी असलेली होम प्लेट आणि पहिला बेस यांच्या मधोमध एक कल्पित रेषा धरतात, ४५ अंशांची. पाऊल त्या रेषेच्या बॅटरकडच्या बाजूला पडलं आणि चेंडू पहिल्या बेसवर गेला तर बॉक. ही रेषा नियमपुस्तकात लिहिलेली नाही, ती अंपायरांची वापरातली खूणगाठ आहे. म्हणूनच डावखुऱ्यांच्या बॉकवर सर्वांत जास्त वाद होतात.

मोकळा पाय उचलताना रबरच्या मागच्या कडेपलीकडे गेला, तर आणखी एक दार बंद होतं. त्यानंतर पिचरला बॅटरकडे टाकावं लागतं किंवा दुसऱ्या बेसवर पिकऑफसाठी फेकता येतं, बाकी काही नाही.

नुसता फेकण्याचा आव आणायला तीन बेसना तीन नियम नाहीत, दोनच आहेत. रबरवर असताना पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे आव आणता येत नाही. दुसऱ्या बेसकडे आणता येतो, पाऊल त्या दिशेने टाकलं तर. तिसऱ्या बेसची बंदी मेजर लीगमध्ये २०१३ पासूनची आहे. त्याआधी पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर असले की पिचर तिसऱ्याकडे आव आणून झटकन पहिल्याकडे फेकायचे. जुने सामने बघताना ती युक्ती दिसली आणि बॉक दिला नाही, तर अंपायर चुकला असं समजू नका.

रिकाम्या बेसवर फेकणंही बॉक आहे, पण रनर तिथे पळत निघाला असेल तर नाही. आपल्या चित्रातला रनर चोरीसाठी सुटला आणि पिचरने पाऊल टाकून दुसऱ्या बेसवर फेकलं, तर ते अगदी नियमात बसतं.

चौथी पायरी: कितव्यांदा वळला ते मोजा

मेजर लीगमध्ये २०२३ पासून एक मोजदाद वाढली आहे. एका बॅटरच्या पाळीत पिचरला दोनदाच रबर सोडता येतं किंवा बेसवर फेकता येतं. तिसऱ्यांदा फेकलं आणि रनर बाद झाला तर ठीक. तो सुखरूप परतला तर बॉक. त्याच पाळीत रनर एक बेस पुढे गेला की मोजणी पुन्हा शून्यावर येते. त्यामुळे दोनदा वळून झाल्यावर रनर उघडपणे मोठी लीड घेऊ लागतो.

घड्याळाची गल्लत इथे करू नका. पिचरने ठरलेल्या वेळेत चेंडू टाकला नाही तर बॅटरला एक बॉल मिळतो, म्हणजे बाहेर टाकलेला एक चेंडू त्याच्या खात्यात धरला जातो. तो बॉक नव्हे, रनर जागचा हलत नाही.

पाचवी पायरी: पुकारल्यानंतर काय होतं?

साधा हिशोब असा की चेंडू मृत होतो, म्हणजे खेळ थांबतो, आणि प्रत्येक रनर एक बेस पुढे जातो. तिसऱ्या बेसवरचा रनर असेल तर धाव मिळते. बॅटरला काही मिळत नाही, त्याचे बॉल आणि स्ट्राइक होते तेवढेच राहतात. क्रिकेट बघणाऱ्यांना हा नो-बॉल वाटतो, पण नो-बॉलचा फायदा बॅट्समनला होतो आणि बॉकचा रनरला.

घोळ होतो तो पिचरने बॉक करूनही चेंडू टाकला तर. मेजर लीगच्या नियमात अंपायर बॉक ओरडतो, पण खेळ लगेच थांबवत नाही. त्या चेंडूवर बॅटर पहिल्या बेसवर पोचला आणि बाकीचा प्रत्येक रनरही किमान एक बेस पुढे गेला, तर बॉक झालाच नाही असं समजून खेळ चालू राहतो. या दोन अटींपैकी एक जरी चुकली तरी तो चेंडू रद्द आणि बॉकचा दंड लागू.

हे नीट कळण्यासाठी एकच चेंडू तीन वेगवेगळ्या स्थितींत बघू. बॅटरच्या नावावर ३ बॉल आणि १ स्ट्राइक आहे. पिचर सेटमध्ये न थांबता टाकतो, अंपायर बॉक पुकारतो आणि चेंडू बाहेर जातो. म्हणजे चौथा बॉल.

रनर फक्त पहिल्या बेसवर असेल तर चौथ्या बॉलमुळे बॅटर पहिल्या बेसवर जातो आणि तिथला रनर ढकलला जाऊन दुसऱ्यावर. सगळे पुढे गेले, बॉक विसरला जातो.

रनर फक्त दुसऱ्या बेसवर असेल तर बॅटर पहिल्यावर गेला तरी त्या रनरला हलायचं कारण नाही, कारण पहिला बेस रिकामा होता. तो पुढे गेला नाही, म्हणून दुसरी अट चुकली. अंपायर बॅटरला परत बोलावतो. रनर तिसऱ्या बेसवर जातो आणि बॅटर पुन्हा ३ बॉल, १ स्ट्राइकवर खेळतो.

रनर पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर असतील तर चौथ्या बॉलने पहिल्यावरचा ढकलला जातो, तिसऱ्यावरचा नाही. पुन्हा अट चुकली. तिसऱ्यावरचा रनर होम प्लेटवर येऊन धाव मिळवतो, पहिल्यावरचा दुसऱ्यावर जातो आणि बॅटर परत उभा राहतो. पहिला बेस हातचा गेला म्हणून बॅटर नाराज होतो, पण त्याच्या संघाला धाव मिळाली आणि तो अजून खेळतोच आहे.

चौथ्या बॉलऐवजी बॅटरने उंच फटका मारला आणि तो झेलला गेला, तर झेल रद्द होतो आणि बॉकचा दंड लागतो. म्हणून बॉक ऐकू आल्यावर शहाणा बॅटर जोरात फटका मारायचा प्रयत्न करतो. होम रन गेला तर तो ग्राह्य, बाद झाला तर तोटा नाही.

एक धोका मात्र रनरने ओळखावा. बॉकने सुरक्षित बेस एकच मिळतो. त्याच चेंडूवर बॅटरने चांगला फटका मारून पहिला बेस गाठला, दुसऱ्यावरचा रनर तिसरा ओलांडून होम प्लेटकडे धावला आणि तिथे बाद झाला, तर तो बादच. बॉकचा बेस त्याला तिसऱ्यापाशीच मिळून गेला होता.

हे सगळं मेजर लीगच्या नियमाप्रमाणे आहे. अमेरिकेतल्या हायस्कूल सामन्यांत बॉक पुकारताच चेंडू मृत होतो, त्यामुळे वरचा होम रन तिथे मोजला जाणार नाही. लिटल लीगच्या लहान गटांत चेंडू बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरला बेस सोडताच येत नाही, म्हणून तिथे बॉकही नाही. आपल्या मुलाचा सामना बघायला जाणार असाल तर कोणत्या नियमांवर खेळणार आहेत हे आधी प्रशिक्षकाला विचारून घ्या.